कुल्फी कोमट असताना

कुल्फीच्या बाबतीत घरातली माणसं दोनदाच गंभीर होतात. एकदा दूध आटत असताना आणि एकदा कुल्फी साच्यातून बाहेर पडताना. गॅससमोर उलथनं घेऊन उभ्या असलेल्या माणसाला तेवढा वेळ कोणी दार उघडायला पाठवत नाही, कोणाचा फोन देत नाही. दूध बुडाला लागलं तर पुढचं वर्षभर ऐकून घ्यावं लागेल, हे त्यालाही ठाऊक असतं. आणि साचा ताटलीत उपडा केला की कुल्फी अखंड निघते की टोक आतच राहतं, हे पाहायला अख्खं घर मान वाकवून उभं राहतं. या दोन प्रसंगांच्या मधे बराच वेळ जातो. त्या वेळात मात्र कुल्फी कोणाचीच नसते. पातेलं ओट्याच्या कोपऱ्यात, वर जाळी, आणि कोणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं : "निवतंय अजून."

माझं सांगणं एवढंच आहे की कुल्फीची चव आटवताना ठरते, पण ती खाल्ल्यावर पाहुण्यांची रात्र कशी जाणार, हे त्या कोपऱ्यात ठरतं.

आमच्याकडे हा विषय ऐरणीवर आला तो काकांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या निमित्ताने. कार्य मे महिन्यातलं, माणसं चाळीसच्या घरात, त्यातली निम्मी काकांच्याच वयाची. जेवण बाहेरून येणार होतं, कुल्फी मात्र घरचीच. मावशी घरात असताना विकतची कुल्फी आणणं हा तिचा जाहीर अपमान झाला असता. मावशीचं प्रमाण वर्षानुवर्षं तेच आहे. म्हशीचं पाच लिटर दूध आटवून निम्म्यावर आणायचं, साडेतीनशे ग्रॅम साखर, वेलची, केशर, पिस्ते. यात साठ मिलीचे चाळीस साचे भरतात आणि वर वाटी-दोन वाट्या 'चाखायला' उरतं. ते कोण चाखतं हे विचारायचं नसतं.

या खेपेस स्वयंपाकघरात वहिनीही होत्या, आणि वहिनी निवृत्त होईपर्यंत कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होत्या. हा विषय शिकवलेलं माणूस घरात असलं की पाणीपुरीपासून पाटावरवंट्यापर्यंत कशाचंच निखळ सुख मिळत नाही. वहिनी एरवी गप्प बसतात, पण मावशीने आटलेलं दूध उतरवून पातेलं कोपऱ्याकडे सरकवलं तेव्हा त्यांना राहवलं नाही.

"मावशी, हे रात्रभर इथेच ठेवणार तुम्ही?"

"रात्रभर कशाला? निवलं की फ्रिजमध्ये. आणि अगं, चांगलं दोन तास उकळलंय. त्यात काय जिवंत राहणार?"

"जे मेले ते मेले, मावशी. जे झोपलेत त्यांचं काय?"

मावशीने पदर खोचला. म्हणजे आता चर्चा होणार.

वहिनींचं म्हणणं मी माझ्या शब्दांत सांगतो. दूध उकळलं की त्यातले बहुतेक जंतू मरतात, हे खरंच आहे; टायफॉइडचे, क्षयाचे, जुलाब-वांतीचे बहुतेक सगळे त्यात आले. पण काही जातींच्या जंतूंना संकट दिसलं की स्वतःभोवती कठीण कवच करून पडून राहायची युक्ती साधलेली असते. या अवस्थेला बीजाणू म्हणतात. दुधात आणि भातात सापडणारा बॅसिलस सिरीयस हा त्यातलाच. हे बीजाणू शंभर अंशांची उकळी काढून जिवंत राहू शकतात. दूध खदखदतंय तोवर ते काही करत नाहीत. ते कोमट झालं की मात्र कवच टाकून कामाला लागतात. आणि तोपर्यंत उकळीने बाकी सगळे स्पर्धक मारून टाकलेले असतात, त्यामुळे साखर घातलेलं, आटवलेलं, पौष्टिक दूध त्यांना एकट्यांनाच मिळतं.

दुसरी वाट उकळीनंतरची. चाखायचा चमचा, मिक्सरचं भांडं, झाकणाला पुसलेलं फडकं, पिस्ते कापणारा हात, आणि पातेल्यात डोकावून "झालं का?" विचारणारं, शिंकणारं पोर. उकळी संपली की दुधाला काही संरक्षण उरत नाही; त्यानंतर जे पडेल ते त्यात राहतं. म्हणून वेलचीची पूड आणि पिस्त्याचे काप हे गॅस बंद करण्याआधी दोन-चार मिनिटं घालून उकळी द्यावी. मसाल्याच्या पदार्थांवर जंतू असणं अगदी नेहमीचं आहे, आणि त्यातले साधे जंतू तरी त्या उकळीत मरतात. केशरही गरम दुधातच घालायचं. यावर मावशीचा आक्षेप नव्हता, कारण ती तसंच करते. तिच्या मते रंग चांगला येतो. चाखण्याच्या बाबतीतही मावशी पूर्ण गुणांनी पास झाली. ती डावाने तळहातावर दोन थेंब घेते, तळहात चाखते आणि हात धुते. डाव तोंडाला लागत नाही. उष्ट्याचा विटाळ मानणाऱ्या त्या पिढीने पुष्कळ नको त्या गोष्टी मानल्या, पण ही एक गोष्ट वहिनींना कॉलेजात मुलांना शिकवून शिकवून घसा कोरडा करावा लागला होता.

खरा वाद पातेल्याच्या कोपऱ्यावरून झाला.

दूध साधारण साठ अंशांच्या खाली आलं की जंतूंना वाढायला वाव मिळतो, आणि पाच अंशांच्या खाली गेलं की बहुतेकांची वाढ जवळपास थांबते. या दोन आकड्यांच्या मधला पट्टा हाच सगळा धोका. त्यातही तीस ते चाळीस अंश हे त्यांचं माहेर. तिथे वेगाने वाढणारे जंतू वीसेक मिनिटांत दुप्पट होतात. वीस मिनिटांनी दोन, चाळीस मिनिटांनी चार, असं करत सहा तासांत कागदावर एकाचे अडीच लाखांच्या वर जातात. आता मे महिन्यात रात्री आमच्या स्वयंपाकघरात चौतीस अंश असतात. म्हणजे ओट्यावरचं दूध निवून निवून चौतीसच्या खाली जाणारच नाही. 'निवलं की फ्रिजमध्ये' ही अट मावशीने माघातल्या स्वयंपाकघरासाठी घातलेली. वैशाखात ती कधी पुरीच होत नाही. "प्रयोगशाळेत जंतू वाढवायला आम्ही सदतीस अंशांची पेटी विकत घेतो," वहिनी म्हणाल्या, "तुमच्याकडे ओटा आहे."

दादा तोवर पाणी प्यायला आला होता. त्याने पुरुषांचा नेहमीचा उपाय सुचवला : "मग गरमच ढकला ना फ्रिजमध्ये, एवढं काय?" हा उपाय सुचायला सोपा आणि करायला घातक आहे. घरचा फ्रिज थंड वस्तू थंड ठेवण्यासाठी असतो. तीन किलो उकळतं मिश्रण थंड करणं हे त्याचं काम नव्हे. ते आत ठेवलं की शेजारचं दूध, दही, काल केलेली उसळ सगळं तापतं, आणि एवढं करून पातेल्याच्या मधला भाग तासन् तास कोमटच राहतो. आटवलेलं दूध दाट असतं. ते साध्या पाण्यासारखं आपलं आपण फिरत नाही. कडेचं गार होतं, मधलं तसंच बसून राहतं. वर घट्ट झाकण असेल तर वाफ आतच अडकून उष्णता धरते. फ्रीजरमध्ये ठेवलं तर कडेला बर्फ आणि मधे ऊन दूध असं दोन्ही एकाच पातेल्यात पाहायला मिळतं.

तेव्हा करायचं काय, तर दूध फ्रिजमध्ये जाण्याआधीच थंड करायचं, आणि त्यासाठी लागणारं सगळं सामान प्रत्येक मराठी घरात असतं : परात, पाणी, बर्फ आणि ढवळणारा हात.

पहिलं काम उथळपणा. वहिनींनी पाच लिटरच्या उभट पातेल्यातलं मिश्रण दोन पसरट पातेल्यांत ओतलं, थर साधारण दोन इंचांचा होईल इतकंच. यात गणित आहे. दाट, न ढवळलेल्या पदार्थाचा थर निम्मा केला की निवायचा वेळ निम्म्यावर नव्हे, साधारण चौथाईवर येतो. म्हणजे आठ इंच खोल पातेल्याला जिथे रात्र लागते, तिथे दोन इंचांच्या थराचं काम तासाभराचं. पसरट पातेली अर्थात आधी उकळत्या पाण्याने विसळून घेतलेली.

दुसरं काम साधं पाणी. दोन मोठ्या परातींत पाणी भरून त्यात पातेली ठेवायची. बाहेरचं पाणी आतल्या दुधाच्या पातळीला यायला हवं. त्याखाली राहिलं तर तेवढी भिंत फुकट गेली, आणि काठोकाठ आलं तर परातीतलं पाणी दुधात उडतं. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी वापरून उपयोग नाही, ते अंघोळीलाही चटका देतं. वहिनींनी माठातलं घेतलं, आणि ते कोमट झालं की बदललं. या टप्प्यावर बर्फ घालणं म्हणजे पैसे वितळवणं. उकळत्या दुधातली पहिली साठ अंशांची उष्णता माठाचं पाणी फुकट घेऊन जातं.

तिसरं काम बर्फ. याचाही हिशेब सोपा आहे. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढ्यात एक किलो पाणी ऐंशी अंशांनी थंड होतं. आमचं मिश्रण तीन किलोच्या आसपास होतं. ते उकळीपासून थेट पाच अंशांपर्यंत बर्फानेच आणायचं तर जवळपास तेवढाच, म्हणजे तीन किलो बर्फ लागला असता. माठाच्या पाण्याने ते आधी चाळीसवर आणलं, त्यामुळे किलोभरात भागण्यासारखं होतं; उन्हाळ्याचा आणि आजूबाजूच्या पोरांनी पळवलेल्या खड्यांचा वाटा धरून दीड किलो घेतला. परातीत नुसते बर्फाचे खडे टाकून पातेलं वर ठेवायचं नाही. खडा पातेल्याला एखाद्या कोपऱ्यानेच टेकतो, बाकी सगळी हवा असते. बर्फात पाणी हवं. ते पातेल्याला सगळीकडून चिकटतं.

आणि चौथं काम ढवळणं, जे कोणालाच नको असतं. मधलं ऊन दूध कडेला आणि कडेचं गार दूध मधे नेलं नाही तर बाकी तीन कामांचा निम्मा फायदा वाया जातो. ढवळण्याचा दुसरा लाभ म्हणजे वर साय धरत नाही. सायीचा थर वाफ अडवतो आणि खालचं दूध ऊन ठेवतो. "पण साय तर हवी ना कुल्फीत!" मावशी कळवळली. साय उकळताना कडेने धरते, ती खरवडून आत घातली की कुल्फीत लागतेच. ओट्यावरची साय त्यासाठी लागत नाही. हे मावशीला पटलं असं मी म्हणणार नाही. तिने फक्त विषय सोडून दिला, जे तिच्या बाबतीत जवळपास तेच आहे.

दादाला ढवळायला बसवलं. त्याने सुचवलेल्या उपायाचं हेच प्रायश्चित्त होतं. पंधरा-वीस मिनिटं पाण्यात, अर्धा तास बर्फात. वहिनींनी कणकेत खुपसायच्या सुईसारखा दिसणारा तापमापक दुधाच्या मधोमध बुडवला. कडेला गारच लागतं, म्हणून तो मधेच बुडवायचा. आकडा सहावर आला होता. गॅस बंद केल्यापासून तासही झाला नव्हता. तापमापक नसेल तर पातेलं बाहेरून पुसून दोन मिनिटं हवेत ठेवावं आणि त्याला घाम फुटतो का पाहावं. ही खूण कोकणात लवकर दिसते, विदर्भाच्या कोरड्या उन्हात दिसेलच असं नाही; आणि ती दिसली तरी दूध वीसेक अंशांच्या खाली गेलं एवढंच कळतं, पाचावर आलं असं नव्हे. तेव्हा घाम फुटला तरी आणखी थोडा बर्फ घालून ढवळत राहणं शहाणपणाचं.

झटपट थंड करण्याचा हा आग्रह वहिनींचा स्वतःचा नव्हता. १९४६ साली ब्रिटनमध्ये वेल्सच्या किनाऱ्यावरच्या अ‍ॅबरिस्टविथ या गावात टायफॉइडची साथ आली. तिचा माग एका आइस्क्रीम विकणाऱ्यापर्यंत पोचला. त्याला स्वतःला काही होत नव्हतं, पण जंतू त्याच्या शरीरात वस्तीला होते आणि ते आइस्क्रीममधून गावात वाटले जात होते. पुढच्याच वर्षी, १९४७ साली, तिथे आइस्क्रीमसाठी स्वतंत्र नियम आले. दुधाचं मिश्रण ठरावीक तापमानाला ठरावीक वेळ तापवायचं, ही त्यातली पहिली अट कोणालाही सुचेल अशी. दुसरी अट अशी की तापवल्यानंतर दीड तासाच्या आत ते पंचेचाळीस फॅरनहाइटवर, म्हणजे आपल्या सात अंशांवर आणायचं आणि गोठवेपर्यंत तिथेच ठेवायचं. थंड करायला दिलेली वेळ कायद्यात लिहावी लागली, कारण तापवण्याचं श्रेय घेऊन थंड करायचं विसरणं ही माणसाची रीतच आहे.

मावशीला वेल्सचं फारसं कौतुक वाटलं नाही. पण रात्रभर फ्रिजच्या मागच्या, सर्वांत गार कप्प्यात राहिलेलं मिश्रण सकाळी साच्यांत भरताना तिने बोटावर नव्हे, तळहातावर घेतलं आणि म्हणाली, "दाट झालंय गं छान." हे खरंच होतं. गार राहिलेल्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिनं नीट बसतात, आणि गार मिश्रण फ्रीजरमध्ये लवकर गोठतं. लवकर गोठलं की बर्फाचे कण बारीक राहतात. ऊन मिश्रण साच्यांत भरलं तर ते सावकाश गोठतं, कण मोठे होतात आणि कुल्फी दाताखाली करकरते. आइस्क्रीम यंत्रात घुसळून हे कण मोडता येतात. कुल्फी घुसळत नाहीत, तिला सगळा आधार आटवण्याचा आणि झटपट गोठण्याचा. त्यामुळे वहिनींचं शास्त्र आणि मावशीची चव या एका जागी एकाच बाजूला उभ्या होत्या. असं आमच्या घरात क्वचित घडतं.

साच्यांची तपासणी हा एक छोटा अपमानास्पद कार्यक्रम झाला. अॅल्युमिनियमचे साचे माळ्यावरून उतरवलेले, वरवर लख्ख. वहिनींनी झाकणाच्या आट्यांमधून दातकोरणी फिरवली आणि टोकाला आलेला पिवळट थर कोणाला न दाखवता पुसला. मागच्या उन्हाळ्यातलं दूध तिथे टिकलं होतं. झाकणातली रबरी चकती काढून वेगळी धुवायची असते, हे मला पंचवीस वर्षं कुल्फी खाऊन माहीत नव्हतं. गरम पाणी, साबण, पुन्हा उकळतं पाणी, आणि मग फडक्याने न पुसता उपडे घालून वाळवणं. फडक्याने पुसणं म्हणजे धुतलेल्यावर पुन्हा काहीतरी लावणं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण आमच्या घरात तो सगळ्यात घट्ट होता : गोठवलं की जंतू मरतात. मरत नाहीत. काही मरतात, पण बरेचसे उणे अठरा अंशांवर नुसते थांबतात. कुल्फी वितळायला लागली की ते जिथे थांबले होते तिथून पुढे चालू लागतात. म्हणून रात्री वीज गेली आणि आपण गाढ झोपेत होतो, तर सकाळी पुन्हा गोठलेली कुल्फी बघून काही कळत नाही. यासाठी एक जुनी घरगुती युक्ती आहे. फ्रीजरमध्ये एका पेल्यात पाणी गोठवायचं आणि त्यावर रुपयाचं नाणं ठेवायचं. सकाळी नाणं वरच असेल तर ठीक. ते पेल्यात खाली गेलेलं दिसलं तर आतलं सगळं वितळून पुन्हा गोठलेलं आहे. मुलांना आमच्या फ्रीजरमधल्या या रुपयाचं कारण कळलं नाही. त्यांनी तो दोनदा काढून नेला.

पोरांनी याच दिवसांत पॉट आइस्क्रीमचाही हट्ट धरला, आणि तिथे मावशी सगळ्यांची गुरू ठरली. वाड्यात तिच्या लहानपणी उन्हाळ्यात पॉट भाड्याने यायचा, गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी यायची, आणि लाकडी बादलीत बर्फ आणि खडेमीठ थरावर थर घालून सगळी भावंडं आळीपाळीने हँडल फिरवायची. मीठ घातलं की बर्फ वितळू लागतो आणि खारं पाणी शून्याच्या बरंच खाली जातं, पुरेसं मीठ असेल तर उणे वीसच्या आसपास. म्हणून आतलं दूध गोठतं. ज्याने हे आइस्क्रीम खाल्लंय त्याला ती पहिली खारट चमचाभर चवही आठवत असेल, ज्यावर सगळे हसायचे. त्या खारटपणाचा अर्थ वहिनींनी सांगितला आणि हसणं थांबलं : आइस्क्रीम खारट लागलं म्हणजे बाहेरच्या बर्फाचं पाणी आत शिरलं. त्या लादीचं पाणी कुठलं, ती ओढत कुठून आणली, हे कोणीच विचारलेलं नसतं. महाराष्ट्रात २०१८ साली अन्न व औषध प्रशासनाने न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायला लावला, तो याच कारणाने. निळा बर्फ दुधाच्या डब्याभोवती ठेवायला हरकत नाही, पण आत एक थेंबही जाता कामा नये. बादलीला खालच्या अंगाला जे भोक असतं ते बोळा घालून बंद करायचं नसतं. खारं पाणी तिथून वाहत राहिलं की डब्याच्या झाकणापर्यंत चढत नाही. मावशीच्या वाड्यात ते भोक नेमकं बंद केलेलं असायचं, कारण पाणी अंगणात जायचं आणि आजी ओरडायची.

कार्याच्या दिवशी सगळी लढाई गच्चीवर हलली. साध्या दिवसांत बाहेर ठेवलेल्या दुधाच्या पदार्थाला दोन तासांची मुदत देतात. हवा बत्तीस अंशांच्या वर असेल तर एकच तास. त्या संध्याकाळी पस्तीस होते. म्हणून चाळीस साचे एकदम वर नेले नाहीत. थर्माकोलच्या पेटीत बर्फ आणि मीठ घालून दहा-दहा नेले, एक खेप संपली की दुसरी.

वाढताना सगळ्यात धोक्याची वस्तू कुल्फी नव्हती. ती होती साचे बुडवायचं पातेलं. साचा क्षणभर पाण्यात बुडवला की कुल्फी सुटते, म्हणून एका पातेल्यात पाणी ठेवतात आणि चाळीसही साचे, चाळीस हातांनी, त्यातच बुचकळतात. दहाव्या साच्याला पाणी दुधाळ होतं, विसाव्याला ते कोमट दूधच असतं, आणि त्यातून निघालेला प्रत्येक साचा ते पाणी कुल्फीच्या तोंडाशी घेऊन येतो. आइस्क्रीमच्या स्कूपसाठी ठेवलेला पाण्याचा पेला हे याचंच धाकटं भावंड. वहिनींनी पातेलं काढून टाकलं. पुतण्याला हात धुवायला लावले आणि साचा दोन तळव्यांत धरून भराभर फिरवायला शिकवलं, गाडीवरचा कुल्फीवाला करतो तसं. पुरतं न सुटलं तर खाली मोरीत नळाखाली क्षणभर, आणि तोंड स्वच्छ कागदाने पुसून. स्कूपसाठी दोन पेले, आणि त्यातलं पाणी थोड्या थोड्या वेळाने बदलायचं, शक्य तर कढत.

एक अडचण नाजूक होती. आत्याचं बोट सकाळी विळीवर कापलं होतं, त्यावर पट्टी होती, आणि वाढायला पुढे यायचा तिचा हक्क कोणी नाकारू शकत नव्हतं. कापलेल्या, पिकलेल्या बोटावर, आणि तशीही आपल्या पुष्कळांच्या नाकात, स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू राहतो. तो दुधात वाढताना विष सोडतो. या विषाची दोन वैशिष्ट्यं आहेत. पदार्थाला वास येत नाही, चव बदलत नाही. आणि जंतू मेले तरी विष मागे राहतं, उकळूनही सहजी जात नाही. खाल्ल्यावर बहुधा एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात, म्हणजे पाहुणे घरी पोचेपर्यंत. वहिनींनी आत्याला औक्षणाचं तबक दिलं आणि काकांच्या शेजारी, सगळ्या फोटोंत येईल अशा जागी उभं केलं. आत्या अजून सांगते की त्या दिवशी मान मिळाला तो तिलाच.

राहता राहिला प्रश्न उरलेल्या कुल्फीचा, आणि हा आपल्या समाजाचा अवघड प्रश्न आहे. गच्चीवर तासभर राहून मऊ पडलेली कुल्फी पुन्हा फ्रीजरमध्ये टाकायची नाही. ती पुन्हा गोठेल, खडबडीत होईल, टोकाशी वाकडी दिसेल, पण तिच्या दिसण्यावरून आत काय चाललंय हे कळत नाही. "उकळून बासुंदी करू की," हा उपायही बाद, कारण ते विष उकळीला जुमानत नाही. ती टाकायचीच. आणि टाकणं आपल्याला जमत नाही. पाच लिटर म्हशीचं दूध, चार तासांची मेहनत, वर केशर, असं काही मोरीत जाताना पाहणं मावशीच्या पिढीला तर शिक्षाच आहे.

यावर मावशीनेच तोडगा काढला, आणि वहिनींच्या सगळ्या पाठांत मला तोच सर्वांत पटला. शेवटची खेप वर येऊन पाऊण तास होऊन गेला होता आणि पेटीत सात साचे उरले होते. मावशी पदर सावरत उठली आणि पंगतीतून फिरू लागली. "तू घेतलीस एकच? अरे, तुझ्या वयात आम्ही चार खायचो." "डॉक्टरांनी नको सांगितलंय? मग अर्धी घ्या, अर्ध्याला डॉक्टर कुठे काय म्हणतात." "नको कसली, काकांच्या नावाची आहे." पाच मिनिटांत पेटी रिकामी. इतकी वर्षं पाहुण्यांना मी या आग्रहापासून वाचवत आलो होतो. आता माझं मत असं आहे की दुधाच्या पदार्थाला आग्रह करावा, भरपूर करावा, फक्त पहिल्या तासात करावा. तास उलटल्यावर कोणी पानात कुल्फी घालायला आलं, तर मात्र पान झाकून सरळ नको म्हणावं, मग ती मावशी का असेना.